एकोणतीस सेकंदांचा नाच आणि अकरा वर्षांचा खटला

७ फेब्रुवारी २००७ रोजी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातील एका आईने घरच्या स्वयंपाकघरात २९ सेकंदांची चित्रफीत काढली. मुलांची धावपळ चाललेली, घरात कुठेतरी गाणे लागलेले. वर्ष-सव्वा वर्षाचा मुलगा ढकलगाडी धरून उभा. आई त्याला विचारते, गाणे कसे वाटते? आणि तो गुडघे वाकवून झुलू लागतो. एवढेच. नातेवाइकांना आणि मित्रमंडळींना पाहता यावे म्हणून तिने ही चित्रफीत यूट्यूबवर ठेवली.

मागे वाजणारे गाणे होते प्रिन्स या गायकाचे, १९८४ सालचे. चित्रफितीत ते जेमतेम २० सेकंद ऐकू येते, तेही खोलीच्या गोंगाटात, चिरके. पण या २० सेकंदांवरून जे भांडण सुरू झाले, ते २०१८ सालापर्यंत चालले. ‘लेंझ विरुद्ध युनिव्हर्सल’ या नावाने तो खटला ओळखला जातो. आज एखाद्या शाळेने स्नेहसंमेलनाची चित्रफीत यूट्यूबवर टाकली आणि ‘यातील संगीतावर कॉपीराइटचा दावा आहे’ असा निरोप आला, तर त्या निरोपामागे नेमके काय घडते, हे समजून घ्यायला या खटल्याइतकी चांगली वाट नाही.

आधी कायदा पाहू. १९९०च्या दशकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत लोक टेलिफोनच्या तारेवरून संगणक जोडून एकमेकांना मजकूर आणि चित्रे पाठवू लागले होते. कुणा वापरणाऱ्याने दुसऱ्याचे छायाचित्र तिथे ठेवले, तर दोष कुणाचा? ठेवणाऱ्याचा, की ज्याच्या संगणकावर ते ठेवले त्याचा? १९९३ साली एका न्यायालयाने संगणकाच्या मालकालाच जबाबदार धरले. १९९५ साली दुसऱ्या न्यायालयाने साधारण उलटे म्हटले: जो फक्त यंत्र चालवतो, त्याला आपोआप दोषी धरता येणार नाही. असा गोंधळ असताना कुणी या धंद्यात पैसा घालणार नव्हते. म्हणून ऑक्टोबर १९९८मध्ये अमेरिकेने एक कायदा केला. त्याच्या ५१२व्या कलमात एक सौदा आहे. संकेतस्थळ चालवणाऱ्याला इतरांच्या चुकीसाठी नुकसानभरपाई द्यावी लागणार नाही. पण हक्कदाराची रीतसर नोटीस आली की त्याने ती वस्तू ताबडतोब काढून टाकली पाहिजे.

आता यात एक उघड धोका आहे. नोटीस खोटी किंवा चुकीची असली तर? न्यायाधीशाने काहीही पाहिलेले नसताना वस्तू गायब होणार. यावर कायद्याने दोन उतारे दिले. नोटीस देणाऱ्याने असे लिहून द्यायचे की, हा वापर हक्कदाराच्या, त्याच्या प्रतिनिधीच्या किंवा कायद्याच्या परवानगीने झालेला नाही असे मी प्रामाणिकपणे मानतो. जाणूनबुजून खोटे लिहिले तर भरपाई द्यावी लागेल. हा पहिला उतारा. दुसरा म्हणजे ज्याची वस्तू काढली त्याने प्रतिनोटीस द्यायची. तिच्यात आपले नाव, पत्ता, दूरध्वनी, ‘ही वस्तू चुकीने काढली गेली’ असे शपथेवर विधान आणि अमेरिकेतील संघीय न्यायालयाचा अधिकार मान्य असल्याची कबुली लागते. प्रतिनोटीस मिळाल्यावर हक्कदाराने दावा दाखल केला नाही, तर संकेतस्थळाने १० ते १४ कामकाजाच्या दिवसांत वस्तू परत ठेवायची.

या वाक्यातले ‘प्रामाणिकपणे मानतो’ हे दोन शब्द लक्षात ठेवायला हवेत. पुढचा सारा वाद त्यांच्यावर उभा आहे. कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यासमोर एक माणूस होता. तो वस्तू पाहणार, विचार करणार आणि मग सही करणार.

युनिव्हर्सल या संगीतप्रकाशन कंपनीकडे प्रिन्सच्या रचनांची व्यवस्था होती. २००७ साली कंपनीच्या विधी विभागातला एक साहाय्यक यूट्यूबवर रोज प्रिन्सची गाणी शोधत असे. म्हणजे त्या वेळी खरोखरच माणूस पाहत होता. गाणे ओळखू येते का, बऱ्याच भागात वाजते का, चित्रफितीचा रोख त्याच्यावर आहे का, हे तो पाही. क्षणभरच कुठे ऐकू आले तर सोडून देई. स्वयंपाकघरातल्या चित्रफितीच्या नावातच गाण्याचे नाव होते, आईने गाण्याबद्दल विचारले होते आणि गाणे ओळखू येत होते. ती यादीत गेली. ४ जूनला यूट्यूबला नोटीस गेली, तिच्यात दोनशेहून अधिक चित्रफितींची नावे होती. एका गोष्टीचा विचार मात्र त्याच्या कसोट्यांमध्ये नव्हता: हा वापर कायद्यानेच मान्य केलेला असू शकतो का?

अमेरिकी कायद्यात ‘रास्त वापर’ म्हणून एक सवलत आहे. वापराचा हेतू काय, मूळ कृती कशा स्वरूपाची, तिचा किती भाग घेतला आणि मूळ कृतीच्या बाजारावर काय परिणाम झाला, या चार गोष्टी तोलून न्यायालय ठरवते. आमच्याकडे ‘अमुक सेकंदांपेक्षा कमी वाजवले तर चालते’ अशी एक समजूत सर्रास ऐकू येते. असा सेकंदांचा नियम ना अमेरिकेच्या कायद्यात आहे, ना आपल्या.

५ जूनला यूट्यूबने चित्रफीत काढली आणि आईला कळवले. ७ जूनला तिने प्रतिनोटीस पाठवली. पण विधान शपथेवर आहे हे तिने नीट नमूद केले नव्हते. कंपनीने नेमके त्यावर बोट ठेवले आणि चित्रफीत परत आली नाही. मग तिने वकिलाचा सल्ला घेऊन २७ जूनला दुसरी प्रतिनोटीस पाठवली. इथे वर्गात करायला द्यावी अशी एक छोटी मोजणी आहे. २७ जून २००७ हा बुधवार होता. शनिवार-रविवार आणि ४ जुलैची सुट्टी वगळली तर दहावा कामकाजाचा दिवस येतो १२ जुलै, चौदावा १८ जुलै. चित्रफीत परत आली ती जुलैच्या मध्याला. म्हणजे कायद्याची यंत्रणा अगदी ठरल्याप्रमाणे चालली. तरीही मधे सहाएक आठवडे गेले, आणि ते एका वाक्याच्या त्रुटीमुळे लांबले. नोटीस देणाऱ्याच्या एका कागदाने वस्तू एका दिवसात जाते. परत आणायला शपथ, पत्ता आणि पंधरवडा लागतो. ही असमानता अपघाताने आलेली नाही. ती कायद्याच्या रचनेतच आहे.

चित्रफीत परत मिळाली तिथे बहुतेकांनी विषय सोडला असता. या बाईंनी २४ जुलैला उलट दावा ठोकला, की कंपनीने प्रामाणिकपणे विचार न करताच नोटीस दिली. डिजिटल हक्कांसाठी लढणाऱ्या इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या संस्थेच्या वकिलांनी तिची बाजू चालवली. कंपनीचे म्हणणे असे, की रास्त वापर हा न्यायालयात घ्यायचा बचाव आहे. नोटीस देताना त्याचा विचार करण्याचे बंधन आमच्यावर नाही. ऑगस्ट २००८मध्ये जिल्हा न्यायालयाने हे फेटाळले. सप्टेंबर २०१५मध्ये अपील न्यायालयानेही तेच सांगितले: रास्त वापर हा कायद्याने परवानगी दिलेलाच वापर आहे. म्हणून ‘कायद्याची परवानगी नाही असे मानतो’ असे लिहिण्यापूर्वी त्याचा विचार केलाच पाहिजे.

हा विजय वाटतो, पण त्याच्या पोटात एक पळवाट होती. न्यायालय म्हणाले की विचार केला एवढे पुरे. तो बरोबर होता की नाही हे आम्ही तपासणार नाही. हक्कदाराने मनापासून चुकीचे मत बनवले तरी तो सुटतो. मुद्दाम डोळे मिटून घेतल्याचे सिद्ध झाले तरच तो अडकतो. २०१५च्या निकालपत्रात एक परिच्छेद होता. हजारो चित्रफितींची छाननी संगणकाकडून करवून घेणे हा विचार करण्याचा एक मार्ग ठरू शकतो, अशा आशयाचा. मार्च २०१६मध्ये सुधारलेले निकालपत्र आले तेव्हा तो परिच्छेद गाळलेला होता. यंत्राने ‘मानणे’ म्हणजे काय, हा प्रश्न न्यायालयाने असा हळूच बाजूला ठेवला. जून २०१७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायला नकार दिला, आणि २०१८मध्ये दोन्ही बाजूंनी तडजोड केली. खटला ज्युरीपुढे कधी गेलाच नाही.

दरम्यान, खटला सुरू होऊन तीन महिनेही झाले नव्हते तेव्हा, ऑक्टोबर २००७मध्ये यूट्यूबने एक नवी व्यवस्था आणली. तिला आज कंटेंट आयडी म्हणतात. माणसाने शोधण्याऐवजी हक्कदाराने आपली गाणी यूट्यूबकडे द्यायची आणि चढवलेल्या प्रत्येक चित्रफितीशी यंत्राने ती ताडून पाहायची. न्यायालय ज्या साहाय्यकाच्या मनातला विचार शोधत होते, त्याची जागाच यंत्राने घेतली.

गोंगाटातले गाणे यंत्राला ओळखता कसे येते? यूट्यूब आपली पद्धत तपशीलवार सांगत नाही. पण त्याच कुळातली एक पद्धत २००३ साली शझाम या गाणी ओळखणाऱ्या सेवेच्या एव्हरी वांग यांनी प्रसिद्ध केली, तिच्यावरून कल्पना येते. ध्वनीचा एक नकाशा काढायचा: आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर कंप्रता, आणि जिथे ध्वनी जोरदार तिथे ठळक ठिपका. मग फक्त सर्वांत ठळक ठिपके ठेवायचे, बाकी सारे पुसून टाकायचे. रात्री शहराच्या उजेडात फिकट तारे दिसेनासे होतात, पण व्याध दिसतोच. तसे भांड्यांच्या आवाजात गाण्यातले बारकावे बुडतात, पण ठळक ठिपके टिकतात. मग जवळजवळच्या ठिपक्यांच्या जोड्या लावायच्या. पहिल्याची कंप्रता, दुसऱ्याची कंप्रता आणि दोहोंतले अंतर ही तीन माणके म्हणजे एका जोडीचा ठसा. असे ठसे आधी सर्व गाण्यांचे करून ठेवलेले असतात.

समजा, चित्रफितीतील ३ऱ्या, ५व्या आणि ८व्या सेकंदाचे ठसे एका गाण्याच्या ६१व्या, ६३व्या आणि ६६व्या सेकंदाच्या ठशांशी जुळले. वजाबाकी करा: तिन्ही वेळा ५८. एखादा ठसा योगायोगाने कुठेही जुळेल, पण फरक सतत तोच येत असेल तर तो योगायोग नव्हे. ते गाणेच ५८व्या सेकंदापासून वाजते आहे. म्हणूनच दाव्याच्या निरोपात चित्रफितीच्या कुठल्या सेकंदापासून कुठल्या सेकंदापर्यंत जुळणी झाली, हे नेमके दिलेले असते.

पद्धत सुंदर आहे; पण ती काय सांगते आणि काय सांगत नाही, याचा हिशोब ठेवला पाहिजे. हा ध्वनी त्या ध्वनीसारखा आहे, इतकेच ती सांगते. तो ध्वनी नोंदवणारा त्याचा खरा मालक आहे का, वापर कशासाठी झाला, रास्त आहे का, यातले काहीही ठिपक्यांत नसते. जानेवारी २०१८मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका संगीततज्ज्ञाने उघड केले की, त्याने स्वतः संगणकावर तयार केलेल्या दहा तासांच्या निव्वळ खरखरीवर पाच दावे लागले आहेत. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पियानोवादक जेम्स ऱ्होड्स यांनी स्वतः वाजवलेली बाखची रचना फेसबुकवर टाकली, आणि त्यातील ४७ सेकंद आपल्या ध्वनिमुद्रणाशी जुळतात असा सोनी म्युझिकचा दावा आला. बाख १७५० साली वारला. रचना केव्हाच सर्वांची झालेली. पण तीच रचना दोघांनी नीट वाजवली तर ठिपके जवळजवळ तिथेच पडणार! ऱ्होड्स यांचा पहिला आक्षेप फेटाळला गेला, आणि जाहीर बोभाटा झाल्यावर दावा सुटला.

यूट्यूबवर जुळणी झाली की पुढे काय करायचे हे हक्कदाराने आधीच ठरवलेले असते. चित्रफीत अडवायची, किंवा राहू देऊन तिच्यावरील जाहिरातींचे पैसे आपण घ्यायचे, किंवा किती जण पाहतात एवढेच मोजायचे. बहुतेक दावे दुसऱ्या प्रकारचे असतात. अशा दाव्याने खात्यावर ठपका येत नाही आणि चित्रफीत सहसा दिसत राहते. १९९८च्या कायद्यातली ही नोटीसच नव्हे. हा यूट्यूब आणि हक्कदार यांच्यातला खाजगी व्यवहार आहे. म्हणून ‘प्रामाणिकपणे मानतो’ असे कुणालाच लिहून द्यावे लागत नाही, आणि अकरा वर्षे चाललेल्या खटल्याचा निकाल इथे लागूच होत नाही.

दावा मान्य नसेल तर आक्षेप घेता येतो. आक्षेप जातो कुणाकडे? दावा करणाऱ्याकडेच. त्याला ३० दिवस मिळतात. तो गप्प बसला तर दावा आपोआप गळून पडतो. त्याने दावा कायम ठेवला तर अपील करता येते, त्याला उत्तर देण्याची मुदत ७ दिवस. २०२२पूर्वी तीही ३० दिवस होती. अपीलही त्याला पटले नाही, तर मात्र त्याला खाजगी वाट सोडून कायद्याच्या वाटेवर यावे लागते, म्हणजे ५१२व्या कलमाची खरी नोटीस द्यावी लागते. इथे लेंझ खटल्याचा निकाल पहिल्यांदा उपयोगी पडतो. पण इथेच वापरणाऱ्याचीही कसोटी लागते. नोटीस लागू झाली की चित्रफीत जाते आणि खात्यावर ठपका बसतो. ठपका ९० दिवस राहतो, तेवढ्या काळात तीन झाले तर खातेच बंद होऊ शकते. त्यावर उपाय पुन्हा तीच प्रतिनोटीस, तीच शपथ, तोच पत्ता.

२०२१च्या पहिल्या सहामाहीत यूट्यूबवर ७२ कोटींहून अधिक कंटेंट आयडी दावे झाले, असे त्या कंपनीच्याच अहवालात आहे. त्यांतल्या सुमारे ३७ लाखांवर आक्षेप घेतले गेले, आणि त्यांपैकी ६० टक्क्यांचा निकाल चित्रफीत टाकणाऱ्याच्या बाजूने लागला. दर हजारी पाच आक्षेप, म्हणून यंत्र अचूक आहे, असा अर्थ कंपनी काढते. मला तो घाईचा वाटतो. आक्षेप न घेणारे सगळे दावा योग्य म्हणून गप्प बसले, की पुढच्या पायऱ्या पाहून, हे या आकड्यांवरून कळत नाही. जे पुढे गेले त्यांतले निम्म्याहून अधिक जिंकले, हे मात्र कळते.

आपल्या देशाचा कायदा या बाबतीत थोडा वेगळा आहे, आणि माझ्या मते अधिक समतोल. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली जी दुरुस्ती झाली तिच्यानुसार तक्रार आल्यावर संकेतस्थळ वस्तू २१ दिवस रोखून ठेवते. त्या मुदतीत तक्रारदाराने न्यायालयाचा हुकूम आणला नाही, तर ती पुन्हा खुली करता येते. म्हणजे धावपळ तक्रारदाराने करायची. प्रत्यक्षात आपल्या चित्रफितींवर येणारे बहुतेक दावे कंटेंट आयडीचे, खाजगी वाटेचे असल्याने ही तरतूद फारशी वापरातच येत नाही. आणि अमेरिकी प्रतिनोटीस साताऱ्याहून भरली तरी तिच्यात यूट्यूब जिथे आहे तिथल्या न्यायालयाचा अधिकार मान्य करावा लागतो.

आता स्नेहसंमेलनाकडे वळू. शाळेच्या कार्यक्रमात विद्यार्थ्यांनी व शिक्षकांनी गाणे सादर करायला, किंवा त्यांच्यापुढे आणि पालकांपुढे ध्वनिमुद्रण वाजवायला आपल्या कायद्याच्या ५२व्या कलमाने सूट दिली आहे. पण ती सूट सभागृहातल्या त्या प्रेक्षकांपुरती. चित्रफीत जगापुढे ठेवली की ती सवलत सोबत येत नाही. तेव्हा ‘शाळेचा कार्यक्रम आहे’ हे आक्षेपाचे कारण म्हणून टिकणे कठीण. ध्वनिवर्धकावर सिनेमाचे गाणे लावून मुले नाचली असतील, तर दावा बहुधा खराच असतो. यूट्यूब देते त्या सोयीने तेवढेच सेकंद कापणे, किंवा तेवढ्या भागातले गाणे बंद करणे, हा शहाणपणाचा मार्ग. पुष्कळदा मुलांचे बोलणे शाबूत राहते. गर्दीच्या आवाजात ते मिसळले असेल तर तेही थोडे जाते.

मुले स्वतः पेटी-तबल्यावर गायली असतील तर गोष्ट बदलते, कारण गाण्यात दोन वेगळे हक्क असतात. एक रचनेचा, एक ध्वनिमुद्रणाचा. मुलांच्या गाण्यात दुसऱ्याचे ध्वनिमुद्रण नाही, म्हणून ध्वनिमुद्रणाचा दावा आला तर आक्षेप घ्यायला भक्कम कारण आहे, आणि ते तसेच स्पष्ट लिहावे. रचनेचे वेगळे पाहावे लागते. तुकोबांच्या शब्दांवर कुणाचा हक्क उरलेला नाही. पण लताबाईंनी गायलेल्या ‘अभंग तुकयाचे’मधल्या चाली श्रीनिवास खळे यांच्या. खळे २०११ साली गेले. आपल्याकडे रचनेचा हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे चालतो, म्हणजे २०७१ सालच्या अखेरपर्यंत. त्याच अभंगाला गावच्या भजनी मंडळात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली चाल लावून मुलांनी म्हटले, तर शब्दांचाही नाही आणि चालीचाही नाही, असा कुणाचाच दावा उरत नाही. तरी यंत्र जुळवू शकेलच. ऱ्होड्स यांचे बाखच्या बाबतीत तेच झाले. तेव्हा दाव्याच्या निरोपात कुठल्या हक्काचा दावा आहे आणि कोणत्या सेकंदांवर आहे, हे आधी वाचावे, तेवढे सेकंद कान देऊन ऐकावेत, आणि मगच आक्षेपाच्या चौकटीत चार ओळी लिहाव्यात.